एकतीस नोव्हेंबर

आमच्या बंदर कचेरीत दोन तक्ते असत. एक जावक, एक आवक. दोन्ही एकाच मापाचे, जाड कागदाचे, पसरले की टेबल पुरत नसे. वरच्या ओळीत डावीकडून उजवीकडे महिने, जानेवारी ते डिसेंबर. डाव्या कडेला वरून खाली तारखा, एक ते एकतीस. आमच्या बंदरातलं गलबत ज्या दिवशी बाहेर पडलं, त्या दिवसाच्या चौकोनात त्याचा नंबर जावक तक्त्यात लिहायचा. परत आलं की आवक तक्त्यात. प्रत्येक रकान्याच्या तळाशी त्या महिन्याची बेरीज.

या तक्त्यात काही शोधायचं तर आधी वरच्या ओळीत महिना गाठावा. त्यावर डाव्या हाताचं बोट ठेवावं आणि ते उचलू नये. मग तारखेच्या ओळीवर लाकडी पट्टी आडवी लावावी, आणि बोट सरळ खाली पट्टीपर्यंत न्यावं. पट्टी न लावता नुसत्या नजरेने गेलं की डिसेंबरकडे पोचेपर्यंत माणूस एखादी ओळ वर किंवा खाली घसरतो. बोट उचललं तर शेजारच्या महिन्यात शिरतो. मी नोकरीला लागलो त्या आठवड्यात दोन्ही चुका केल्या, आणि पुढे कधी केल्या नाहीत.

साध्या वर्षात या तक्त्यात सात चौकोन फालतू असतात. फेब्रुवारीचे शेवटचे तीन, आणि एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबर यांचा एकतिसावा. लीप वर्षात सहा. एक जानेवारीला नवा तक्ता आखला की मी पहिल्यांदा हे चौकोन पट्टीने तिरकी रेघ मारून बंद करीत असे. माझ्या आधीच्या कारकुनाने ते कधी बंद केलेले नव्हते. मला तो त्याचा आळस वाटे.

ती बाई आली तेव्हा मला त्या बंदरात तीन वर्षं झाली होती. १९५७ साल, नोव्हेंबरचा पहिला आठवडा, दुपार उतरत आलेली. समुद्र अगदी पडलेला होता. खिडकीतून खाडीचं तोंड दिसे, आणि तिथल्या वाळूच्या पट्ट्यावर एरवी फुटणारी लाटसुद्धा त्या दिवशी नव्हती. बाई दारात उभी राहिली. चाळिशीची असावी. कपाळावर ठसठशीत कुंकू. मासे विकून आली होती, टोपली बाहेर ओट्यावर ठेवली होती.

आमचा शिपाई तिला ओळखत होता. तो बंदरावरच्याच मुसलमान वस्तीतला, कचेरीत माझ्या पाचपट वर्षं काढलेला. तो म्हणाला, "काय गो बाय, आज म्हावरा हय इकूक इलस? आमच्या भाऊंका आकड्यांशिवाय काय गोड लागणा नाय."

ती हसली नाही. म्हणाली, "माका तक्तो बघूक होयो."

तिची हकिकत शिपायाने आणि तिने मिळून सांगितली. तिचा नवरा गलबतावर तांडेल, खलाशांचा म्होरक्या, होता. लढाई संपली त्या वर्षी दिवाळी करून तो कौलं आणायला मंगळूरकडे निघाला. वाटेत वादळ झालं. गलबत परत आलं नाही, फळकूटही कुठे लागलं नाही. बाकीचे खलाशी देवगडकडचे होते, त्यांच्या घरी कधीच सगळं उरकलं होतं. हिने कुंकू पुसलं नव्हतं. पण आता बारा वर्षं भरत होती. बारा वर्षं ज्याचा पत्ता नाही त्याचा दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, मग दिवस घालतात. तिच्या दिराने भटजींकडून येत्या अमावास्येचा दिवस काढून आणला होता.

"मी भावोजींका सांगलंय," ती म्हणाली, "कचेरीत लिवलेला आसता. ता बघून येतंय. थंय तो इलेलो नसलो, तर काय ता करा. मगे मी काय बोलूचंय नाय."

मी विचारलं, "गलबताचा नंबर ठाऊक आहे?"

तिने बोट जिभेला लावून ओलं केलं आणि माझ्या टेबलावर तीन आकडे काढले. १६७. "माका अक्षरां कळणत नाय," ती म्हणाली, "पण ह्या चितार कळता. नाळीर, गलबताच्या फुडल्या टोकार, रंगवलेला होता."

आकडे टेबलावर वाळून गेले. मी कपाटातून लाल फडक्यात बांधलेले जुने तक्ते काढले. खाऱ्या हवेने कागद जड झाले होते. पंचेचाळीसचा आवक तक्ता पसरला, चार कोपऱ्यांवर वजनं ठेवली. ऑक्टोबरवर बोट ठेवून खाली आलो. बारा तारखेच्या चौकोनात १६७ होता. ती मान पुढे करून बघत होती. तिला तो आकडा माझ्याआधी दिसला.

"ता दिवाळीआधीचा," ती म्हणाली. "फुडे बघा."

मी बोट नोव्हेंबरवर ठेवलं आणि एकेक चौकोन खाली आलो. वादळाच्या दिवसांत चौकोन रिकामे होते, मग पुन्हा एक-दोन नंबर. तीस तारखेला दोन होते, त्यांत १६७ नव्हता. माझं बोट तिथे थांबायला हवं होतं. पण रकाना खाली चालू होता आणि हात सवयीने खाली गेला. शेवटच्या चौकोनात स्वच्छ, ठसठशीत लिहिलं होतं : १६७.

मी मोठ्याने वाचलं. ती माझी चूक. आकडा दिसला की तो मोठ्याने वाचायची मला सवय आहे, अजूनही आहे. मी म्हणालो, "एकशे सदुसष्ट. एकतीस नोव्हेंबर."

तिने हातातला पदर सोडला. "इलो," ती म्हणाली. फार हळू. "म्हणजे इलो होतो."

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. नोव्हेंबरला एकतीस नसतात. मी तिला ते सांगितलं. हा दिवस कॅलेंडरात नाही, कारकुनाचा हात शेजारच्या रकान्यात गेला असेल, नीट बघावं लागेल. तिने ऐकलं. पण तिची नजर त्या चौकोनावरून हलली नाही. तिचं कॅलेंडर तिथीचं होतं. इंग्रजी महिना कुठे संपतो याच्याशी तिला काय करायचं होतं? तिला तीन आकडे दिसत होते.

"चार दिवसांनी ये," मी म्हणालो. "मी नक्की काय ते काढून ठेवतो. तोवर कुणाला काही सांगू नकोस."

ती गेली. शिपाई तक्त्याकडे बघत उभा होता. त्याला वाचता येत होतं.

मी पट्टी घेऊन बसलो. सरळ हिशेबाची गोष्ट होती. नोव्हेंबरच्या दोन्ही बाजूंना, ऑक्टोबरला आणि डिसेंबरला, एकतीस तारीख असते. म्हणजे हात घसरला असेल तर उजवीकडे किंवा डावीकडे. नोंद एकतर एकतीस ऑक्टोबरची, नाहीतर एकतीस डिसेंबरची.

ऑक्टोबर असेल तर ती नोंद वादळाच्या आधीची, आणि तिच्या काही उपयोगाची नाही. डिसेंबर असेल तर वादळानंतर दीड महिन्याने तिच्या नवऱ्याचं गलबत बंदरात आलं होतं.

मी जावक तक्ता काढला. बारा ऑक्टोबरला आलेलं १६७ पुन्हा बाहेर पडलं ते थेट नऊ नोव्हेंबरला. मध्ये कुठे त्याची जावक नव्हती. जे बाहेरच पडलं नाही ते एकतीस ऑक्टोबरला परत कसं येणार? ऑक्टोबर गेला. आणि नऊ नोव्हेंबरनंतर जावक तक्त्यात तो नंबर कधीच नव्हता, ना त्या वर्षी, ना पुढच्या.

उरला डिसेंबर.

मी शिपायाला विचारलं, "पंचेचाळीसच्या डिसेंबरात तू इथे होतास ना? एकशे सदुसष्ट आलं होतं?"

"भाऊ, गलबत काय सुई आसा हरवूक नि गावूक?" तो म्हणाला. "ता इला असता तर सगळ्या बंदरान नाचून काढला असता. डिसेंबरात ता येवक नाय. कोनूच बघूक नाय."

"मग लिहिलं कोणी?"

"अक्षर तुमच्या आदल्या कारकुनाचा आसा," तो म्हणाला, आणि खिडकीकडे तोंड फिरवून कडी लावू लागला, अजून उजेड होता तरी.

माणसांच्या आठवणीवर मी कधी भिस्त ठेवली नाही. तळाच्या बेरजा होत्या. मी डिसेंबरचे नंबर मोजले. एकसष्ट. तळाला लिहिले होते एकसष्ट. म्हणजे डिसेंबरला एकही नंबर कमी पडत नव्हता. एकतीस डिसेंबरचा नंबर चुकून शेजारी गेला असता तर इथे मोजणी साठ भरायला हवी होती. मग नोव्हेंबर मोजला. तीस तारखेपर्यंत छत्तीस. तळाला सदतीस.

मी पुन्हा मोजले. पेन्सिलीची ठिपकी देत तिसऱ्यांदा मोजले. छत्तीस अधिक तो एक, सदतीस. हात घसरलेला नव्हता. ज्याने लिहिलं त्याने नोव्हेंबरच्या एकतीस तारखेलाच लिहिलं होतं, आणि महिन्याची बेरीज करताना ते गलबत धरलं होतं. आणि ती बेरीज दर महिन्याला रत्नागिरीला जात असे.

त्या संध्याकाळी घरी मी नीट जेवलो नाही. मंडळींनी विचारलं, हिशेब चुकला का? मी म्हटलं, चुकला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर आला. बाईने सांगायचं ते घरी सांगितलंच होतं. दीर रापलेला, थकलेला माणूस, होडीवरून तसाच आला होता. भांडायच्या तयारीने आला आणि दारातच नरमला.

"भाऊ, तुमी शिकलेली माणसां," तो म्हणाला. "आमी काय बोलूचा? बारा वर्सां मिया त्या घराक बघतंय. वयनीक कदी उणा पडूक दिलंय नाय. आता ती म्हणता, पुतळो करूचो नाय, तो इलेलो आसा. मिया इचारतंय, इलो तर घराक कित्याक इलो नाय? बंदरापासून घर दोन हाकांच्या वाटेर. इलो नि घराक येवक नाय, ह्या तुमचो तक्तो सांगता?"

मी त्याच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

"ती काल सांजेपासून पायरीर बसलेली आसा," तो म्हणाला. "जेवक नाय. माका म्हणता, 'भावोजी, तो इलो आणि दार लावलेला बघून गेलो काय?' बारा वर्सां आशेर काडल्यान तिना. ता परवाडला. ह्या परवडाचा नाय. हो आकडो खरो काय खोटो, तेवडा माका सांगा."

"दोन दिवस दे," मी म्हणालो.

आदला कारकून पेन्शन घेऊन धामापूरला राहत होता. रविवारी मी मोटारने गेलो आणि तळ्याच्या बाजूने वर चालत त्याच्या घरी पोचलो. तळं भरलेलं होतं, आणि इतकं स्थिर की देवळाची पायरी पाण्यात कुठे उतरते ते कळत नव्हतं. म्हातारा पडवीत बसला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी कचेरीतून आलोय म्हटल्यावर त्याने हात पुढे करून माझा हात धरला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "कोणता महिना?"

मी म्हणालो, "नोव्हेंबर."

"पंचेचाळीसचा?"

मी हो म्हटलं. त्याने हात सोडला. म्हणाला, "सव्वीस वर्षं मी ते तक्ते लिहिले. साहेब आले, तपासनीस आले. रोजचे चौकोन तपासले, बेरजा तपासल्या. जो दिवस नाही त्याच्या चौकोनात कोणी बघितलं नाही. तुम्ही पहिले."

मग त्याने सांगितलं ते असं. वर्षाअखेर दोन्ही तक्ते जुळवायचे असतात. जितकी गलबतं गेली तितकी आली पाहिजेत. जी आली नाहीत ती 'बाहेर आहेत' म्हणून पुढच्या वर्षाच्या यादीत चढवायची. त्याच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक मचवा बुडाला. बुडताना कोणी पाहिला नव्हता. त्याने यादीत 'बाहेर' लिहिला. दुसऱ्या वर्षी पुन्हा 'बाहेर'. रत्नागिरीहून दर तीन महिन्यांनी पत्र येई, अमुक नंबरचं गलबत कोठे आहे ते कळवावे. त्याने कळवलं, बुडालं असावं. उत्तर आलं, पुरावा पाठवावा.

"समुद्राचा पुरावा मी कुठून पाठवणार?" म्हातारा म्हणाला. "चार वर्षं ती पत्रं चालली. मग मी तो मचवा आवक तक्त्यात आत घेतला. खऱ्या तारखेला घेतला असता तर खोटी नोंद झाली असती. मी खोटी नोंद कधी केली नाही. म्हणून जो दिवस येतच नाही त्या दिवशी घेतला. ज्या महिन्यात गेलं त्यातला तसा दिवस बघायचा. त्या महिन्याला तसा नसला तर पुढच्या महिन्यातला. तक्ते जुळले. पत्र बंद झालं. तेव्हापासून जे गेलं त्याला तिथेच जागा."

मला त्याचा राग यायला हवा होता. पण त्या क्षणी मनात आलं ते एवढंच की पद्धत म्हणून ही बरोबर आहे.

"कोणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? त्यांच्या घरच्यांनी विचारलं असतं, तो दिवस कधी येणार." मग आवाज खाली आणून म्हणाला, "एकदाच घाई केली. एका एप्रिलात एका मचव्याला चार दिवस उशीर झाला. गेलाच समजून मी एकतीस एप्रिलला लिहून टाकला. पाचव्या दिवशी सकाळी तो धक्क्याला लागलेला. माणसं हसत उतरली. मी ब्लेडने नंबर खरवडला, खरी तारीख लिहिली. पुढच्या वर्षी तोच मचवा. तोच एप्रिल. आला नाही. कचेरीत जा आणि बघा. दोन्ही वर्षांत तोच चौकोन आहे."

उठताना मी विचारलं, "एकशे सदुसष्ट डिसेंबरात आलं होतं का? कोणी तरी पाहिलं होतं का?"

"कोणीच आलं नाही," तो म्हणाला. "ती बाई अजून आहे का?"

"आहे."

"तिला सांगा, मी नोंद चांगल्या अक्षरात केली आहे."

सोमवारी कचेरी उघडायच्या आधी मी एकटा जाऊन सगळे तक्ते काढले, सव्वीस वर्षांचे. दर वर्षीचे ते सहा-सात चौकोन फक्त बघितले. बहुतेक कोरे होते. सप्टेंबरात एक, नोव्हेंबरात दोन, पुन्हा एका नोव्हेंबरात एक. एका जुन्या तक्त्यात तीस फेब्रुवारीला एक नंबर होता. सगळे मिळून अकरा. आणि एका वर्षीच्या एकतीस एप्रिलचा कागद खरवडून इतका पातळ झाला होता की तक्ता खिडकीसमोर धरला तेव्हा तेवढ्याच चौकोनातून उजेड आला. पुढच्या वर्षीचा तक्ता त्याच्यावर ठेवला. त्या चौकोनात नंबर होता.

शिपाई आत आला आणि तक्ते पसरलेले बघून उंबऱ्यातच थांबला. "गुंडाळून ठेवा ते, भाऊ," तो म्हणाला. "वारो लागलो ना, कागद उलटतत." वारा नव्हता.

चौथ्या दिवशी ती आली, बरोबर दीर. मी काही वगळलं नाही. म्हाताऱ्याने सांगितलं ते जसंच्या तसं सांगितलं. गलबत परत आलं नव्हतं, ना ऑक्टोबरात, ना डिसेंबरात. तिचा नवरा बंदरात येऊन घरी न येता गेला नव्हता. मी मोठ्याने वाचलं ती चूक माझी होती, आणि त्यासाठी मी दोघांची माफी मागितली.

दिराने डोळ्यांवर हात धरला. ती मात्र नीट उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेलेला मला दिसला. तो घरी न येता बाहेरच्या बाहेर गेला नव्हता, एवढं तिला पुरेसं होतं असं वाटलं.

"करा भावोजी अवसेक काय ता," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "माका ती जागा परत दाखवा."

मी तक्ता पसरला. तिने स्वतःच वरच्या ओळीत बोट फिरवलं. "ह्यो खयचो?"

"ऑक्टोबर."

"नि ह्यो नोव्हेंबर." तिने बोट उचललं नाही. सरळ खाली नेलं, मी नेलं होतं तसं, आणि शेवटच्या चौकोनावर थांबवलं. "हो दिस कदी असता?"

मी सांगितलं, नोव्हेंबरची तीस तारीख संपते आणि डिसेंबरची एक लागते. हा त्या दोघांच्या मधला. तो येत नाही.

"तीस संपतली नि एक लागतली, तेच्या मदी," ती म्हणाली. "बरा." आणि मग, "भाऊ, तुमच्या नव्या तक्त्यात ती जागा आसा?"

"आहे. पण मी तिथे रेघ मारतो. फालतू असते म्हणून."

"मारू नुकात," ती म्हणाली. "तेवडी एक."

अमावास्येला पुतळा केला, अग्नी दिला. मी गेलो होतो. तिने कुंकू पुसलं. त्यानंतर नऊ दिवसांनी तीस नोव्हेंबर होता. कचेरी बंद करून निघालो तर ती खाडीच्या तोंडाशी वाळूवर बसलेली. समोर एक पणती, वाऱ्याला पदराचा आडोसा. दिवस मावळत होता. मी लांबून गेलो.

नव्या वर्षाचा तक्ता आखला तेव्हा मी सहा चौकोनांवर रेघा मारल्या. सातवा तसाच ठेवला. तपासनीसाने एकदा विचारलं, हा एक का सोडला? मी म्हटलं, राहून गेला. नोकरीत मी खोटं बोललो ते तेवढंच.

ती दर वर्षी तीस नोव्हेंबरला चार वाजता कचेरीच्या दारात येई. "भाऊ, आज कितवी?" "तीस." "नि उद्या?" "एक." मान हलवून ती वाळूकडे जाई. शिपाई ती दिसली की कोपऱ्यातला आगीचा बंब पुसायला घेई. त्या दोघांनी एकमेकांशी पुन्हा कधी थट्टा केली नाही. एवढी वर्षं आमच्या बंदरातली सगळी गलबतं परत आली. मला त्या चौकोनात काही लिहावं लागलं नाही. काही लिहायची वेळ आली तर मी काय करीन, याचा विचार मी मुद्दाम केला नाही.

माझी बदली व्हायच्या आदल्या वर्षी, म्हणजे त्रेसष्ट साली, ती तीस तारखेला आली, तारीख विचारली, गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप काढत होतो तेव्हा ती पुन्हा आली. हे कधी झालं नव्हतं. लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत ओला होता. हातात विझलेली पणती.

"भाऊ, ती जागा आता बंद केल्यात तरी चलात," ती म्हणाली.

"का गं?"

"काम झाला तिचा." तिने पणती ओट्यावर ठेवली. "येतंय मी. दोन माणसांच्यो भाकऱ्यो थापूच्यो आसत." तिच्या घरात ती एकटीच राहत होती. त्या दिवशी मला हे आठवलं नाही. पुढे आठवलं.

मी तक्ता पसरला, पट्टी लावली, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा एकतीस नोव्हेंबरवर रेघ मारली. चौकोन कोरा होता. हे मी रेघ मारण्याआधी नीट बघितलं होतं.

वर्षाअखेर तक्ते जुळवायला बसलो. जानेवारी जुळला. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे. पावसाळ्यात बंदर बंद, त्यामुळे चार रकाने जवळजवळ रिकामेच. ऑक्टोबर जुळला. नोव्हेंबरच्या तळाला माझ्याच अक्षरात बेचाळीस लिहिले होते. मोजले तर एक्केचाळीस. बोट वर नेलं, पट्टी लावली, एकेक चौकोन खाली आलो. एक्केचाळीस. शिपायाला मोजायला लावले. त्याने दोनदा मोजले, पट्टी खाली ठेवली आणि बाहेर जाऊन बसला.

जावक तक्ता घेतला. गेलेली गलबतं, बाहेर असलेली, आलेली, सगळी मांडली. नंबर मोजले तर हिशेब जुळत होता. महिन्याच्या बेरजांनी मांडला तर जितकी गेली होती त्यापेक्षा एक जास्त परत आलं होतं. तीस तारखेला कचेरी बंद करण्यापूर्वी ती बेरीज मी स्वतः केली होती, आणि बेरजेत मी चुकत नाही.

बेचाळीस खोडून एक्केचाळीस करायला ब्लेड टेबलावर होतं. मी ते हातात घेतलं. मग धामापूरच्या म्हाताऱ्याचा तो पातळ झालेला चौकोन डोळ्यांसमोर आला आणि ब्लेड परत खणात ठेवलं. रत्नागिरीला वर्षाच्या हिशेबातही नोव्हेंबरचे बेचाळीसच कळवले. तिकडून कधी काही विचारणा झाली नाही.